नोटीस त्यालाच का?

आज संध्याकाळी आमच्या खात्यातल्या एका तरुण अभियंत्याने कारणे दाखवा नोटीस माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "सर, मी दोन साहेबांपैकी कोणाचं ऐकायला हवं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहितोय.

कारण अशीच नोटीस मी स्वतः घेतली आहे, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. पावसाळ्याआधी एका पुलाच्या पायांची पाहणी करून माझ्या थेट वरिष्ठांना शुक्रवारपर्यंत अहवाल द्यायचा होता. बुधवारी मुख्यालयाच्या तांत्रिक शाखेतून फोन आला, तोही सरळ मला. सगळ्या पुलांची माहिती ठरलेल्या तक्त्यात भरून शुक्रवारी पाठवा, हातातलं काम बाजूला ठेवा. वरून आलेला आवाज, मी घाबरलो. तक्ता गेला, पाहणी राहिली. सोमवारी नोटीस आली ती माझ्या वरिष्ठांची. ज्यांनी फोन केला होता त्यांच्या दप्तरी या गोष्टीची कुठे नोंदच नव्हती.

याला लोकप्रशासनात आदेशैक्याचा भंग म्हणतात. फ्रेंच व्यवस्थापन विचारवंत हेन्री फेयॉलने १९१६ साली सांगून ठेवलंय की कर्मचाऱ्याला आदेश एकाच वरिष्ठाकडून मिळाले पाहिजेत. खात्यातला प्रत्येक अधिकारी परीक्षेसाठी हे पाठ करून आलेला असतो. मग खुर्चीत बसल्यावर काय होतं?

तांत्रिक शाखा नकोच, असं मी म्हणत नाही. पुलाचं गणित तज्ज्ञालाच कळतं, मान्य. पण सल्ला देणारा वेगळा आणि आदेश देणारा वेगळा. माझी रजा कोण मंजूर करतं? माझा गोपनीय अहवाल कोण लिहितं? तोच माझा वरिष्ठ. तांत्रिक शाखेला तक्ता हवा असेल तर तिने त्याच्याकडे मागावा. माझ्या दोन दिवसांत आधी काय करायचं हे तो ठरवेल, आणि पाहणी राहिली तर जबाबदारही तोच राहील. फोन थेट मला आला की निवड माझ्यावर पडते. ज्याच्याकडे निवडीचा अधिकारच नाही त्याच्यावर!

लगेच कोणी म्हणेल, सगळं पदसोपानाने, म्हणजे एकेका वरिष्ठाच्या पायरीने, पाठवलं तर फाइल महिनाभर फिरेल. फिरते, खरं आहे. पण फेयॉलनेच त्यावर तोड दिली होती. दोन शाखांमधले समान पातळीवरचे दोघे, साखळीत एकमेकांपासून दहा पायऱ्या लांब असले तरी, मधे फळी टाकावी तसे थेट बोलू शकतात. अट एवढीच की दोघांच्या वरिष्ठांची त्याला संमती हवी आणि जे ठरलं ते त्यांना लगेच कळवलं पाहिजे. मला आलेला फोन ही फळी नव्हती. तो वरून खाली आलेला आदेश होता, मधल्या माणसाला ओलांडून, त्याला न कळवता.

थोडं शांत होऊन लिहितो. त्या वेळी माझ्या वरिष्ठांचा मला फार राग आला होता. आज तितका येत नाही. त्यांच्या हाताखाली सहा जण असायला हवे होते, रिक्त पदांमुळे आणि अतिरिक्त कार्यभारामुळे बारा झाले होते. व्यवस्थापन अभ्यासक ग्रेक्युनसने १९३३ साली हिशेब मांडला होता की सहा जण हाताखाली असले तर वरिष्ठाने सांभाळायचे, त्याचे त्यांच्याशी आणि त्यांचे आपापसातले, संभाव्य संबंध २२२ होतात आणि बारा झाले तर २४,७०८. एवढे सगळे संबंध रोज कोणी वापरत नाही, त्यामुळे आकडा शब्दशः धरू नये. पण माणसं दुप्पट झाली की लक्ष अर्ध्याहून कितीतरी कमी होतं, हे मी त्यांच्या टेबलाशी उभं राहून पाहिलंय. बुधवारी मी त्यांना सांगायला गेलो होतो. आत चौघं बसलेली, बाहेर तिघं उभी. मी परत आलो. आणि मुख्यालयही त्यांना ओलांडून मला फोन करत होतं, कारण त्यांच्याकडून उत्तर वेळेत येत नव्हतं. नियंत्रण कक्षा, म्हणजे एका वरिष्ठाच्या हाताखालच्या माणसांची संख्या, ताणली गेली की साखळी आधी मधेच तुटते आणि मग एका माणसाला दोन साहेब होतात. प्रशासनाचा अभ्यासक हर्बर्ट सायमनचा आक्षेपही खरा आहे: कक्षा लहान करायची तर पायऱ्या वाढतात. म्हणून पदं भरा, नवी पायरी घालू नका.

पण त्या तरुण अभियंत्याचं काय? त्याला नोटिशीला सात दिवसांत उत्तर द्यायचं आहे. मी त्या वेळी माफी लिहून दिली होती, त्याची चीड अजून गेलेली नाही. मघाशी त्याला फोन केला. माफी लिहू नकोस म्हटलं. दोन्ही आदेश कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता दिले ते क्रमाने लिही, आणि दोन्ही कामं एकाच मुदतीत शक्य नव्हती हे दिवसांच्या हिशेबाने दाखव. पुढच्या वेळी तोंडी आदेश आला की त्याच दिवशी थेट वरिष्ठांना टिपणी दे: हातात अमुक काम आहे, तमुक आदेश आला आहे, आधी कोणतं करू? टिपणीवर आवक क्रमांक घे.

तो म्हणाला, "सर, साहेब चिडतील." चिडतील. मी उद्या त्याच्याबरोबर जाणार आहे.