बदली माणसाला काम कुठपर्यंत द्यायचं?

*«साहेब, ‘प्रत्येक काम किमान दोघांना यायला हवं’ हा तुमचा लेख वाचून मी माझ्या सात जणांच्या शॉपमध्ये दर सोमवारी माणसांची मशीनं बदलायला लागलो. तीन महिन्यांत रिजेक्शन वाढलं, पार्टीचे फोन यायला लागले आणि माझा सगळ्यात चांगला ऑपरेटर नाराज झाला तो वेगळाच. अर्धवट शिकलेल्या माणसापेक्षा बंद मशीन परवडलं. असे सल्ले देण्याआधी स्वतःच्या शेडमध्ये करून बघावेत. – सातपूरचा एक शॉपवाला»*

नमस्कार दादा,

स्वतःच्या शेडमध्ये करून बघितलंय आणि त्यात नुकसानही सोसलंय. ते त्या लेखात सविस्तर लिहायला हवं होतं. नुसतं ‘दोघांना यायला हवं’ असं लिहून मी थांबलो. ‘यायला हवं’ म्हणजे नक्की किती, हे सांगितलं नाही. तुमचं नुकसान त्याच जागी झालंय, म्हणून आता तेवढंच सांगतो.

अंबडमध्ये आमची नऊ जणांची शेड आहे. निम्मी पोरं दिंडोरी-निफाडकडची, घरी द्राक्षबाग असलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आली की खाडे ठरलेलेच. एका वर्षी सीएनसी लेथचा सेटर छाटणीसाठी दोन दिवस गावी गेला. जाताना त्याने हेल्परला मशीनवर उभं केलं. पोरगा हुशार आहे. तीन आठवडे सेटरच्या शेजारी उभं राहून सगळं बघितलेला. जॉब होता ३० एच ७ बोअरचा, म्हणजे बोअर ३०.००० ते ३०.०२१ मिलिमीटरच्या आत हवा. सेटरने त्याला सांगून ठेवलं होतं, ‘गेज अडायला लागला की वेअरमध्ये वीस मायक्रॉन दे.’

साडेअकराच्या सुमारास प्लग गेजची गो बाजू बोअरमध्ये जाईना. इन्सर्ट झिजला की बोअर लहान येतो, हे पोराला माहीत होतं. (तो नग आम्ही नंतर बोअर गेजवर मोजला, २९.९९० निघाला.) त्याने ऑफसेटच्या पानावर 0.020 टाईप केलं आणि `INPUT` दाबलं. दाबायचं होतं `+INPUT`. फॅनुक कंट्रोलवर `+INPUT` आधीच्या आकड्यात भर घालतं, तर `INPUT` आधीचा आकडा पुसून नवा बसवतं. त्या टूलच्या वेअरमध्ये आधीपासून -0.030 होतं. त्याचं व्हायला हवं होतं -0.010, झालं 0.020. बोअर वीस मायक्रॉनने वाढायचा तो पन्नासने वाढला, म्हणजे ३०.०४० वर गेला.

इथेच चूक पकडली गेली असती, तर एक नग गेला असता. पण पोरगा गेजची फक्त गो बाजू लावत होता. ती आता झकास आत जात होती, त्यामुळे त्याच्या लेखी दुरुस्ती जमली होती. नो-गो बाजू आत जाता कामा नये, गेली तर नग बाद, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सेटर नो-गो लावायचा तेव्हा हा पुढचा नग चकमध्ये धरत असायचा. साडेतीनपर्यंत ३५ नग झाले. लहान बोअर पुन्हा कापून वाचवता येतो. मोठा झालेला बोअर भंगारात जातो.

मी सुरुवातीला पोरावरच चिडलो होतो. संध्याकाळी शांतपणे बघितलं तेव्हा कळलं की त्याने सांगितलं होतं तेच, सांगितलं तसंच केलं होतं. चूक शिकवण्यातली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या नव्या माणसांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची पद्धत बसवली गेली, पुढे ती जपानमध्येही रुजली. तिच्यात चार पायऱ्या आहेत: माणसाची तयारी करणं, काम दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि नंतर लक्ष ठेवणं. आमच्याकडे दुसरी पायरी झाली की आम्ही शिकवणं संपलं असं धरत होतो. बहुतेक छोट्या शॉपमध्ये हेच चालतं आणि दर सोमवारच्या अदलाबदलीत तर तेवढंही नीट होत नाही.

त्यानंतर आम्ही ‘मशीन येतं’ असं म्हणणंच बंद केलं. एका मशीनच्या कामाचे तीन तुकडे पाडले. पहिल्या तुकड्यात नग लावणं, सायकल चालवणं, गेजच्या दोन्ही बाजू लावणं आणि काहीही वेगळं दिसलं तर मशीन थांबवणं. दुसऱ्यात वेअर दुरुस्ती. तिसऱ्यात इन्सर्ट बदलणं, झिरो घेणं, नवा जॉब बसवणं. बदली माणसाला कुठला तुकडा येतो ते मशीनवर चिकटवलेल्या कागदावर त्याच्या नावापुढे लिहिलेलं असतं. पहिला तुकडा आमच्याकडे चार-पाच दिवसांत येतो. दुसऱ्याला महिना लागतो, कारण इन्सर्ट झिजताना निरनिराळ्या जॉबवर बघावा लागतो. तिसरा तुकडा नऊ जणांत दोघांनाच येतो आणि सध्या तेवढं पुरतं.

तुकडा आला की नाही, हे ओळखण्यासाठी मी ‘समजलं का?’ असं कधीच विचारत नाही. सगळे ‘हो’च म्हणतात. मी नो-गो आत जाणारा एक बाद नग चांगल्या नगांत मिसळून ठेवतो. तो बाजूला काढला गेला नाही, तर त्या माणसाचा पहिला तुकडा झालेला नाही. वेअरसाठी मी मशीन बंद असताना कागदावर विचारतो: आत -0.030 आहे, बोअर १५ मायक्रॉन मोठा आलाय, काय टाकशील, कुठली की दाबशील, नंतर आकडा किती दिसेल? (-0.015 टाकून `+INPUT`, आकडा -0.045.) शेवटचा आकडा आधी सांगता आला, तरच त्याला ऑफसेटच्या पानाला हात लावू देतो. आणि शिकलेलं हातात राहावं म्हणून प्रत्येक बदली माणूस पंधरवड्याला एक पूर्ण शिफ्ट त्या मशीनवर असतो. दोन महिने हात लागला नाही, तर त्याचं नाव कागदावरून खोडतो. म्हणून एका माणसाला दोन मशीनं पुष्कळ झाली. सगळ्यांना सगळं शिकवायला गेलं, तर कुणाचाच हात बसत नाही.

बंद मशीन परवडतं हे तुमचं म्हणणं पॉवर प्रेसच्या बाबतीत मला शंभर टक्के मान्य आहे. प्रेसवर डाय बसवणारा नसेल, तर आमचा प्रेस त्या दिवशी बंद. तिथे चुकलं तर नग जात नाही, बोटं जातात. प्रेसवर बदली माणूस मी कधीच लावत नाही, मग पार्टी कितीही ओरडू दे.

तुमच्या चांगल्या ऑपरेटरच्या नाराजीचं कारण मला ठाऊक नाही. आमचा सेटर नाराज होता, कारण दुसऱ्याला शिकवलं की आपली किंमत कमी होईल असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटण्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आता त्याने शिकवलेला माणूस एका तुकड्यात पास झाला की सेटरच्या पगारात ठरलेली वाढ होते. त्याला आठवड्याला हलक्या मशीनवर पाठवणंही मी बंद केलं. फिरवायचं ते शिकणाऱ्याला, शिकवणाऱ्याला नाही.

गेल्या छाटणीला सेटर पुन्हा दोन दिवस गेला होता. दुसरा सेटर मालेगावला लग्नाला. मशीनवर फक्त पहिला तुकडा येणारा पोरगा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गो अडला. त्याने मशीन थांबवलं, तो नग लाल ट्रेमध्ये ठेवला आणि मला फोन केला. मी सिन्नरला होतो, पोहोचायला दीड तास लागला. तेवढा वेळ मशीन बंद होतं. मी आलो तेव्हा तो आधीचे नग नो-गो लावून पुन्हा तपासत बसला होता.