गॅलनचा भाव लिटरमध्ये: ३.७८५ की ४.५४६?

वाचकाची प्रतिक्रिया: "अमेरिकेतला पेट्रोलचा भाव लिटरमध्ये आणताना तुम्ही ३.७८५ ने भागलंय. गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर, हे आम्ही शाळेत पाठ केलंय. म्हणजे तुमचा आकडा सरळ २० टक्के फुगलेला आहे. आणि ३.४९९ असा तीन दशांश स्थळांचा भाव लिहून अचूकतेचा आव कशाला? चारने भागा, डॉलरच्या दराने गुणा, झालं. तसंही असा आकडा काढून इथल्या भावाशी तुलना करण्यात काय अर्थ आहे?"

उत्तर:

नमस्कार. तुम्ही पाठ केलेला आकडा खरा आहे, पण तो ब्रिटिश गॅलनचा आहे. अमेरिकेतल्या पंपावर तो गॅलन चालत नाही. दोन्हींना नुसतं 'गॅलन'च म्हणतात आणि पाटीवरही तेवढंच लिहिलेलं असतं, म्हणून हा घोळ होतो.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, दोन्ही आकडे कागदावर पडताळता येतात. अमेरिकी गॅलनची व्याख्या २३१ घन इंच अशी आहे. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणून एक घन इंच म्हणजे १६.३८७ घन सेंटिमीटर. त्याला २३१ ने गुणलं की ३,७८५ घन सेंटिमीटर येतात, म्हणजे ३.७८५ लिटर. ब्रिटिश गॅलन वेगळ्या वाटेने आला. १८२४ च्या कायद्याने ब्रिटनने ठरवलं की ठराविक तापमानाचं १० पौंड पाणी जितकी जागा व्यापेल तो एक गॅलन. १० पौंड म्हणजे ४.५३६ किलो, आणि त्या तापमानाला तेवढ्या पाण्याला ४.५४ लिटरच्या आसपास जागा लागते. आजची नेमकी व्याख्या ४.५४६०९ लिटर अशी आहे.

गंमत म्हणजे २३१ घन इंचांचं मापसुद्धा मूळ इंग्लंडचंच. राणी ॲनच्या काळात, १७०७ मध्ये, वाइन मोजायचा गॅलन म्हणून ते कायद्यात आलं. ब्रिटनने १८२४ मध्ये आपली जुनी मापं मोडीत काढली तेव्हा अमेरिका स्वतंत्र होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तिथे जुनंच राहिलं. आपल्याकडे ब्रिटिश माप आलं, म्हणून पाठ्यपुस्तकांतून ४.५४६ आपल्या डोक्यात बसला.

आता एक उदाहरण करून बघू. पाटीवर गॅलनला ३.४९९ डॉलर आहेत आणि डॉलर ८५ रुपयांना आहे असं धरा. दोन्ही आकडे हिशेबापुरते घेतलेले आहेत, आजचे तुमचे तुम्ही घाला.

```
3.499 ÷ 3.785 × 85 = 78.58
3.499 ÷ 4.546 × 85 = 65.42
```

लिटरमागे १३ रुपयांहून जास्त फरक पडला. भागाकार मोठ्या आकड्याने केला की भाव खोटा स्वस्त दिसतो. तुमच्या २० टक्क्यांबद्दलही बोलायला हवं. मोठा गॅलन लहान गॅलनपेक्षा २० टक्क्यांनी मोठा आहे हे बरोबर, पण ७८.५८ वरून ६५.४२ वर आलेली घट पावणेसतरा टक्क्यांच्या जवळ भरते. ६५.४२ ला पाया धरलं तरच २० टक्के येतात. कोण कोणापेक्षा किती जास्त, हे नीट न सांगता नुसती टक्केवारी फेकली की असे वाद लांबतात.

पाटीवरच्या तिसऱ्या दशांश आकड्यात माझा काही आव नाही. अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवर भावाच्या शेवटी लहान अक्षरात ९ किंवा ९/१० असतं. तो सेंटचा नऊ दशांश भाग, आणि पंपाचं मीटर त्याच भावाने पैसे लावतं. तो सोडून ३.४९ वाचलं तर वरच्या हिशेबात लिटरला २० पैसे कमी येतात. फार नाही, पण मुद्दाम सोडायचं कारणही नाही. दुकानदारी युक्ती म्हणून त्याला नावं जरूर ठेवा. हिशेबात मात्र ते ३.५० धरा, चूक दोन पैशांवर येईल.

चारने भागण्याची तुमची रीत तोंडी हिशेबाला चांगली आहे, फक्त एक पायरी राहून जाते. ३.४९९ भागिले ४, गुणिले ८५ केलं की ७४ रुपये ३५ पैसे येतात, म्हणजे खऱ्यापेक्षा सव्वाचार रुपये कमी. कारण ४ हा ३.७८५ पेक्षा मोठा आहे. आलेल्या उत्तरात शेकडा पावणेसहा मिळवलेत की जवळपास खरा आकडा हाती येतो. मी स्वतः वेगळं करतो. त्या दिवशीचा डॉलरचा दर एकदाच ३.७८५ ने भागून ठेवतो. ८५ चे साधारण साडेबावीस होतात. मग पाटीवरचा प्रत्येक डॉलर म्हणजे लिटरला साडेबावीस रुपये आणि प्रत्येक दहा सेंट म्हणजे सव्वादोन रुपये. दहा पाट्या वाचायच्या असल्या तरी भागाकार एकदाच.

आता ज्यात लोक खरोखर फसतात ते सांगतो, कारण तिथे तुमचा ४.५४६ च लागतो. पूर्व कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा, सेंट लुसिया अशा बेटांवर पेट्रोल अजून ब्रिटिश गॅलनमध्ये विकतात. तिथलं चलनही 'डॉलर'च, पण पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून त्याची किंमत अमेरिकी डॉलरशी बांधलेली आहे: २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. समजा तिथल्या पाटीवर गॅलनला १५ डॉलर दिसले. आधी २.७० ने भागा, ५.५६ अमेरिकी डॉलर झाले. मग ४.५४६ ने भागून ८५ ने गुणा:

```
15 ÷ 2.70 ÷ 4.546 × 85 = 103.88
```

इथे अमेरिकेचा ३.७८५ लावला असता तर जवळजवळ १२५ रुपये आले असते. चलन ओळखण्यात चूक झाली आणि १५ ला अमेरिकी डॉलर समजलं, तर लिटर २८० रुपयांचं होतं. २८० बघून माणूस थबकतो, निदान पुन्हा हिशेब करतो. १२५ मात्र तोंडावर पटतो, म्हणून तीच चूक जास्त दिवस टिकते. अशा आकड्यांबाबत माझा कल सरळ आहे: पटणारं उत्तर आलं की आधी मापाकडे बघायचं.

माप कोणतं हे देशावरून बऱ्यापैकी ठरतं. अमेरिकेत, आणि कोलंबिया, इक्वेडोर अशा लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांत, लहान गॅलन. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश वळणाच्या काही बेटांवर मोठा. संयुक्त अरब अमिरातीतही पूर्वी ब्रिटिश गॅलनच होता, पण २०१० पासून तिथे लिटर आलं, त्यामुळे तिथले जुने भाव चाळताना साल बघा. खुद्द ब्रिटनमध्ये पंपावर पेट्रोल लिटरनेच मिळतं. गंमत म्हणजे गाडीचं ॲव्हरेज ते अजून गॅलनला मैलांत सांगतात, आणि तो गॅलन मोठा. एखाद्या ब्रिटिश मासिकात गाडी ४० मैल देते असं वाचलंत तर ते लिटरला सुमारे १४ किलोमीटर धरा. हेच ४० अमेरिकी मासिकात असेल तर १७.

पावती हातात असेल तर ओळखायची आणखी एक रीत आहे. ४५ लिटरची टाकी जवळजवळ रिकामी असताना पूर्ण भरली आणि पावतीवर १२ च्या आसपास गॅलन दिसले तर लहान गॅलन, १० च्या आसपास दिसले तर मोठा. एवढा फरक अंदाजाच्या चुकीत लपत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र योग्य आहे. हा आकडा तुलनेला कितपत उपयोगी? तारखा जुळत असतील तर उपयोगी. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याचा, म्हणजे ईआयएचा, साप्ताहिक सरासरी भाव सोमवारचा असतो. मग डॉलरचा दरही त्याच सोमवारचा घ्यायचा आणि इथला भावही त्याच दिवसाचा. आपल्याकडे जून २०१७ पासून पेट्रोलचे भाव रोज ठरण्याची पद्धत आली, त्यामुळे नुसता महिना लिहून भागत नाही. तिथला गेल्या वर्षीचा भाव, डॉलर आजचा आणि इथला भाव कालचा, असा मेळ घातला तर दशांशाची कितीही स्थळं लिहा, त्या तुलनेला किंमत नाही. डॉलरचा दर कुठून घेतला हेही लिहावं. प्रवासात कार्डाने पैसे दिले तर बँक आपलं शुल्क वर लावते. तो आकडा तुमच्या खर्चाच्या हिशेबात चालेल, भावांच्या तुलनेत चालणार नाही.

पाटीवरच्या तीन-चार भावांतला कोणता उचलायचा, हेही ठरवावं लागतं. बहुतेक ठिकाणी सर्वात स्वस्त तो ८७ ऑक्टेनचा. ते ८७ बघून 'हे तर आपल्या पेट्रोलपेक्षा खूपच हलकं' असं म्हणू नका. अमेरिकेत दोन चाचण्यांच्या आकड्यांची सरासरी लिहितात, आपल्याकडे त्यांतली एकच, जास्त आकडा देणारी, आरओएन नावाची चाचणी धरतात. तिथलं ८७ आरओएनमध्ये ९१-९२ च्या घरात जातं. म्हणून मी तुलनेला तिथला साधा ८७ चा भाव घेतो, ९१ किंवा ९३ लिहिलेला प्रीमियमचा नाही. काही पंपांवर रोखीचा भाव वेगळा आणि कार्डाचा वेगळा असतो. मोठ्या अक्षरातला बहुधा रोखीचा असतो, हे पाटी वाचताना लक्षात ठेवा.

करांबाबत एक सोय आहे. अमेरिकेत दुकानातल्या बहुतेक वस्तूंवर कर बिलाच्या वेळी चढतो, पण पेट्रोलच्या पाटीवरचा भाव करासकट असतो. आपल्या पंपावरचाही तसाच. त्यामुळे दोन्ही भाव गिऱ्हाईक प्रत्यक्षात मोजतो तेच आहेत, वरून काही मिळवावं लागत नाही. त्यातला कराचा वाटा बाजूला काढून नुसतं तेल तिथे किती स्वस्त पडतं हे बघायचं असेल, तर प्रत्येक राज्याचा कर वेगळा धरावा लागेल. संघीय कर तेवढा सगळीकडे सारखा आहे: १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंट. ८५ च्या दराने तो लिटरला ४ रुपये १३ पैसे होतो. भागाकार अर्थात ३.७८५ नेच.