जर्मनीला उशीर कळवण्याची उद्यमबागी रीत

माल उशिरा जाणार हे जर्मनीतल्या सहकाऱ्याला कळवायचं असेल, तर घाई करू नका. आधी त्याची तब्येत विचारा, मग घरच्यांची. मग बेळगावात यंदा पाऊस कसा झाला ते लिहा. त्यानं जे विचारलंय त्याचं उत्तर तळाशी कुठंतरी टाका, चटकन सापडणार नाही असं.

तो तुम्हाला आडनावानं, ‘मिस्टर’ लावून लिहितो? बिचारा लाजाळू असणार. तुम्ही सरळ त्याच्या पहिल्या नावानं सुरू करा.

आणि तारीख मुळीच देऊ नका. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत साहेबांनी नुकतंच हे करून दाखवलं. पंप हाउसिंगची 200 कास्टिंग जायची होती, पण प्रेशर टेस्टला 60 नग गळले. साच्यात बसवतात तो वाळूचा कोअर नीट वाळला नव्हता, त्याचा गॅस धातूत अडकला आणि ब्लोहोल, म्हणजे पोकळ भोकं, झाली. मी मेल लिहिला: ‘140 नग गुरुवारी निघतील, उरलेले 60 नग 18 तारखेला. कारण ब्लोहोल. कोअर आता ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेवतोय, प्रत्येक नगाची टेस्ट करतोय. माल दोन भागांत चालेल का, ते उद्यापर्यंत कळवा.’ साहेब म्हणाले, “असं तोंडावर मारल्यासारखं लिहितात काय रे? जरा गोड कर की.”

केलं गोड. ‘किरकोळ तांत्रिक अडचण’, ‘लवकरात लवकर’, ‘असाच लोभ असावा’. तिकडून एका ओळीत उत्तर आलं: किती नग, कोणत्या तारखेला? साहेब भडकले. “नमस्कार नाही, चमत्कार नाही, काय उर्मट माणूस!” मग आणखी एक गोड मेल. त्यानंतरचं उत्तर थेट त्याच्या वरिष्ठांना कॉपी होऊन आलं.

उर्मट कसला? त्या तारखेवर त्याची असेंब्ली लाइन ठरते. वेळेवर कळलं असतं तर त्यानं दुसरं मॉडेल पुढं घेतलं असतं. तुमच्या ‘लवकरात लवकर’वर तो माणसं कुठल्या पाळीला बोलावणार?

जपानला हाच मेल असाच धाडू नका, तिथं दिलगिरी पहिल्या ओळीत लागते. पण तारीख तिथंही लागतेच!

खडे बाजारातला दुकानदार गोकाकच्या गिऱ्हाइकाशी कन्नडात घासाघीस करतो, शहापूरच्या काकूंना मराठीत ‘या, बसा’ म्हणतो, आणि सूर कुठंही चुकत नाही. त्याच गावात वाढलेल्या तुम्हाला एका जर्मन माणसापुरता सूर बदलता येत नाही? येतो. नग नापास झाले हे लिहायचं नसतं, म्हणून घरोबा आठवतो. विषयाच्या ओळीत ड्रॉइंग नंबर आणि नवी तारीख घाला. खाली कारण लिहा, केलेला उपाय लिहा, त्याच्याकडून काय हवं ते विचारा. आडनावानं सुरू करा, नमस्कार करून संपवा, तेवढा आदर त्याला पुरतो. तो ‘हे चुकलंय’ म्हणतो ते कास्टिंगला, तुमच्या खानदानाला नाही. तेव्हा रुसून दोन-दोन दिवस मेल दाबून ठेवायचं आधी बंद करा.