"फोटो आलाच नाही" म्हणणारा माणूस टाळत नसतो

"सोयाबीन पिवळं पडलं की सरळ फोटो टाका, जाणकार माणूस फोटो बघून लगेच औषध सांगतो. 'फोटो दिसत नाही, शब्दांत सांगा' असं जो म्हणतो त्याला काही येत नाही, तो नुसता टाळतोय. तोंडी सांगून कधी रोग ओळखता येतो का? पिवळं म्हणजे मोझॅक, झाडं उपटा नाहीतर फवारा."

पावसाळ्यात पिकाबद्दल विचारणाऱ्यांना मी फोनवर उत्तरं देतो आणि हा मेसेज माझ्याकडे इतक्या जणांकडून आलाय की आता सविस्तर लिहितोच, कारण यातलं शेवटचं वाक्य वाचून लोक चांगली झाडं उपटतायत. आधी एक खरं बोलणं जसंच्या तसं देतो, जालना भागातल्या एका शेतकरी भावाचं आणि माझं. मग एकेक मुद्दा घेतो.

शेतकरी: नमस्कार सर, हे बघा सोयाबीनला काय झालंय, फोटो पाठवलाय. कोणतं औषध मारू? गावात सगळे मोझॅक म्हणायलेत.

मी: नमस्कार दादा. फोटो पोचला नाही. इकडे नुसती राखाडी चौकट दिसतेय, दाबली तरी काही उघडत नाही. जमलं तर परत पाठवा, तोवर शब्दांत सांगा, पिवळी पानं झाडाच्या कुठल्या भागात आहेत?

शेतकरी: माझ्याकडं तर दिसायलाय की फोटो. इथं रानात रेंज नाही नीट.

मी: तुमच्या फोनमध्ये आहे म्हणून तुम्हाला दिसतोय. मला दिसत नाही, आणि न बघता मी औषधाचं नाव सांगणार नाही. तुम्ही झाडाजवळच आहात ना?

शेतकरी: हो, हितंच उभा आहे. पिवळी पानं शेंड्याकडली हायेत, वरची दोन-तीन. खालची हिरवीच हायेत.

मी: वरचं एक पान तोडून उजेडाकडे धरा आणि काय दिसतं ते सांगा.

शेतकरी: शिरा हिरव्या दिसायल्यात, जाळी असल्यावानी. शिरांच्या मधली जागा पिवळी. एकदम कोवळं पान तर पांढरटच पडलंय.

मी: सगळ्या रानात असंच आहे?

शेतकरी: नाही, खालच्या अंगाला, बांधाकडं. तिथं मागच्या आठवड्यात पाणी तुंबलं होतं. चढावर पीक चांगलंय.

मी: पेरून किती दिवस झाले? तणनाशक मारलंय का?

शेतकरी: महिना व्हायला आला. तणनाशक नाही मारलं, खुरपून घेतलं.

मी: झाड हलवलं की काही उडतं का?

शेतकरी: एखादी पांढरी माशी, जास्त नाही.

फोटो शेवटपर्यंत आला नाही. पण एवढ्या बोलण्यातून काय काय कळलं ते बघा.

"तोंडी सांगून रोग ओळखता येत नाही" हा मुद्दा मी सगळ्यात आधी घेतो, कारण पिवळेपणाच्या बाबतीत पहिला प्रश्न रंगाचा नसतोच, जागेचा असतो, आणि जागा शब्दांत अगदी नीट सांगता येते. झाडात काही अन्नद्रव्यं एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात, नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही तशी आहेत, म्हणजे जमिनीतून मिळायचं कमी झालं की झाड जुन्या पानांतून ते काढून शेंड्याला पुरवतं आणि त्यामुळे खालची पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. लोह एकदा पानात बसलं की तिथून फारसं हलत नाही, त्यामुळे मुळांकडून येणं थांबलं की नवीन निघणारं पान उपाशी राहतं आणि जुनी पानं हिरवीच राहतात. दादांनी "शेंड्याकडली" म्हटलं तिथेच नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम बरेचसे मागे पडले. नत्राची ओढ असती तर खालचं पान शिरांसकट फिकं झालं असतं, पालाशची असती तर खालच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या असत्या.

मग राहिलं लोह, मोझॅक आणि तणनाशकाचा झटका. इथे शिरांनी काम केलं. लोह कमी पडलं की शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असं बऱ्यापैकी एकसारखं दिसतं, अख्ख्या पानावर. मोझॅकमध्ये गर्द पिवळे चट्टे आणि हिरवे चट्टे वेडेवाकडे मिसळलेले असतात, चट्टा शीर बघून थांबत नाही. शिवाय मोझॅक पांढरी माशी पसरवते, म्हणून तो आधी रानात इथं एक झाड तिथं एक झाड असा सुटा दिसतो आणि मग वाढत जातो, चढ-उताराशी त्याचं काही देणंघेणं नसतं. दादांच्या रानात पिवळेपणाची हद्द आणि तुंबलेल्या पाण्याची हद्द एकच होती. इमॅझेथापायरसारखं तणनाशक मारल्यावरही कोवळी पानं काही दिवस पिवळी दिसतात आणि मग आपोआप सुधारतात, पण इथे फवारणीच झाली नव्हती त्यामुळे तेही सुटलं.

पाण्यानं लोह का कमी पडतं, हे लोकांना खरं वाटत नाही कारण काळ्या रानात लोह भरपूर असतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या आहेत. पाणी तुंबलं की मुळांजवळची हवा जाते, कर्बवायू तिथेच कोंडतो आणि चुन्याबरोबर मिळून बायकार्बोनेट वाढतं, ते मुळांना लोह उचलू देत नाही. म्हणजे लोह जमिनीत आहे आणि झाड उपाशी आहे अशी गत. म्हणूनच अशा रानात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जमिनीत टाकून फार उपयोग होत नाही, ते लगेच अडकून बसतं, पानावर फवारलेलं चालतं.

आता "फोटो बघून लगेच औषध सांगतो" याबद्दल. समजा तो फोटो आला असता. लोकांचा नेहमीचा फोटो असतो एका पिवळ्या पानाचा, हातात धरून, भर उन्हात. ते पान शेंड्याचं की बुडाचं हे त्यात कळत नाही, उन्हात शिरांचा फिका हिरवा रंग उडून जातो, आणि मेसेजमधून येताना फोटो दाबला जातो त्यामुळे बारीक जाळी पुसट होते. पाणी तुंबलेलं, चढावरचं पीक चांगलं असलेलं, तणनाशक न मारलेलं, यातलं काहीच फोटोत नसतं. मुळावरची गाठ फोडल्यावर आत गुलाबी आहे का पांढरी, हेही नसतं, आणि नत्राच्या बाबतीत तर तीच गोष्ट निकाल लावते, गुलाबी म्हणजे गाठ काम करतेय. खोड उभं चिरलं तर आत लालसर नळी दिसते का, म्हणजे खोडमाशी आहे का, हेही पानाच्या फोटोतून दिसणार नाही. मी असे फोटो बघितलेत ज्यांच्यावर प्रामाणिकपणे फक्त "पान पिवळं आहे" एवढंच सांगता येतं, ते तर विचारणाऱ्यानेच सांगितलेलं असतं.

आणि "त्याला काही येत नाही, टाळतोय". या वाक्याचा मला मनापासून राग येतो. खरं टाळणं कुठलं असतं सांगतो. फोटो उघडलेला नाही, खाली "पिवळं पडलंय" एवढं लिहिलेलं आहे, गावात मोझॅकची चर्चा आहे, मग माणूस "बघितला फोटो, मोझॅकच आहे" म्हणून मोकळा होतो. समोरच्याला वाटतं याने बघितलंय, म्हणून तो पुढे काही सांगतच नाही, पाणी तुंबल्याचं सांगत नाही, शिरांचं सांगत नाही. दादांच्या बाबतीत असं झालं असतं तर बांधाकडची झाडं उपटली गेली असती नाहीतर पांढऱ्या माशीचं महाग कीटकनाशक पडलं असतं, आणि लोहानं पिवळं झालेलं पान त्याने हिरवं होत नाही. "फोटो आला नाही" हे वाक्य आधी स्पष्ट सांगितलं की समोरच्याला कळतं की आता डोळे आपलेच वापरायचेत.

विचारायचं कसं याचंही एक सांगतो, हे मी एका जुन्या कृषी सहायकांकडून शिकलो. "शिरा हिरव्या आहेत ना?" असं विचारलं की दहातले नऊ जण "हो सर" म्हणतात, मोठ्या माणसाला नाही म्हणायचं जिवावर येतं. म्हणून "उजेडाकडे धरा आणि काय दिसतं ते सांगा". "जाळी असल्यावानी" हे त्यांचे स्वतःचे शब्द होते, म्हणून त्यावर विश्वास ठेवता आला.

तरीही मी दादांना "शंभर टक्के लोहच" असं म्हटलं नाही. सांगितलं ते असं: आधी खालच्या अंगाला चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा आला की कोळपणी करा म्हणजे मुळांना हवा मिळेल. मग १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, गाळून, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, आणि सुरुवातीला फक्त चार ओळींवर मारा, शेजारच्या चार ओळी तशाच सोडा. पाच-सहा दिवसांनी दोन्हीकडची पानं शेजारी धरून बघा. मारलेल्या ओळींची पानं हिरवी व्हायला लागली तर लोहच, मग बाकीच्या पिवळ्या पट्ट्यावर मारा आणि शेंडा परत फिकट निघाला तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. फरक पडला नाही, किंवा चढावरही सुटी सुटी झाडं चट्टेरी दिसायला लागली, तर थांबा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अख्खं झाड मुळासकट घेऊन जा. त्यांच्या चार ओळींत फरक दिसला, आठवड्याने त्यांनीच कळवलं.

फोटो लागतोच अशा गोष्टी आहेत, ते नाकारत नाही. पानावर तपकिरी ठिपके असतील तर शब्दांत सांगून भागत नाही, तांबेरा आणि जिवाणूचे फोड दोन्ही "तपकिरी ठिपके"च असतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडे तांबेऱ्यात वेळ घालवून चालत नाही. तिथे पानाच्या खालच्या बाजूचा जवळून फोटो हवा, सावलीत काढलेला. अळीचंही तसंच. पण पिवळेपणासाठी फोटो पाठवणार असाल तर एका पानाचा नको, अख्खं झाड बुडापासून शेंड्यापर्यंत, एक वरचं आणि एक खालचं पान शेजारी ठेवून, आणि एक बांधावरून रानाचा. आणि सोबत लिहून पाठवा: पेरून किती दिवस, पिवळं वर की खाली, शिरा कशा दिसतात, सगळीकडे की ठरावीक जागी, पाणी तुंबलं होतं का, शेवटची फवारणी कशाची आणि कधी.