कूलर बंद करा, मोकळं बोला

मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता, नागपूरच्या महाल भागात कुणाच्या घरी जाऊन "काका, जरा कूलर बंद करता का?" असं विचारायला हिंमत लागते. बाहेर पारा 45 वर, आणि पाहुणी म्हणते वारा नको! पण माझ्या रेकॉर्डरला कूलरची घरघर तेवढी ऐकू येते, माणूस येत नाही.

माझ्या संशोधनाचा विषय दिसायला सोपा आहे. नागपूरचा माणूस 'मला' कधी म्हणतो आणि 'मले' कधी? घरात, चौकात, तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर 'मले' धो धो वाहतं. मी माईक घेऊन समोर बसले की नळ बंद! विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञानं 1972 मध्ये हे दुखणं नेमकं मांडलं: कुणी लक्ष ठेवून नसताना लोक कसे बोलतात हे आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला लक्ष ठेवूनच बसावं लागतं. चोरून रेकॉर्ड करणं हा उपाय नव्हे. संमतीच्या कागदावर काकांची सही आधी, बटण नंतर.

काकांनी सही केली, शर्टाची वरची गुंडी लावली आणि आकाशवाणीवर बातम्या वाचाव्यात तसं बोलू लागले. "मला असे वाटते की आमचे बालपण अत्यंत समृद्ध होते." वीस मिनिटं झाली, 'मले' एकही नाही.

मग मी लबॉव्हचा हुकमी एक्का काढला. न्यूयॉर्कमध्ये तो लोकांना विचारायचा, की आता आपण मरतो असं कधी वाटलं का? माणूस त्या प्रसंगात शिरतो, आपण कसे बोलतोय याचं भान सुटतं, आणि घरची भाषा बाहेर येते. मी आवाज खाली आणून विचारलं, "काका, आता आपण गेलो, असं कधी वाटलं?"

"हो," काका घाम पुसत म्हणाले, "कूलर बंद केला तेव्हा."

त्यानंतर त्यांनी स्कूटरच्या अपघाताचा किस्सा सांगितला खरा, पण त्यात "साक्षात मृत्यू समोर उभा ठाकला" असं वाक्य होतं. इतक्या लग्नांत सांगून सांगून किस्सा गुळगुळीत झाला होता. या प्रश्नाची ही जुनी खोड. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाला तर वेगळाच पेच पडला. तिथल्या लोकांचं आयुष्य इतकं निवांत, की मरणाच्या दारातून परतलेले फारसे सापडेनात. शेवटी तो खूप हसू आलं असे प्रसंग विचारू लागला.

मी हसण्याकडे वळणार, तेवढ्यात काकू पन्हं घेऊन आल्या. काका गर्रकन वळले. "काहून वं, साखर कमी टाकली का? मले तर आंबटच लागून राह्यलं!"

मी वहीत वेळ टिपली. मुलाखतीत तिसरं माणूस आलं की त्याच्याशी होणारं बोलणं सोन्यासारखं. मात्र 'मले' आलं म्हणून ते बोलणं सहज, असं ठरवता येत नाही. जे मोजायचं त्याच मापानं मापलं तर उत्तर आधीच ठरलेलं. म्हणून पुरावा दुसरीकडे शोधायचा: वेग वाढला का, आवाज चढला का, श्वास बदलला का, हसू फुटलं का. काकांचा आवाज एकदम चढला होता, वेग दुप्पट. पक्कं सहज!

पण काकू आत गेल्या आणि काकांनी पुन्हा गुंडी चाचपली. "तर आपण काय विचारत होतात?"

हा 'आपण' आला कुठून? घरी येऊन टेप ऐकली तेव्हा कळलं. "आपलं शिक्षण कुठं झालं?" हा माझाच आवाज! जन्म नागपुरातल्याच सक्करदऱ्यात, आणि माईक दिसला की मी पुण्याची होते. काका बिचारे पाहुणीशी पाहुणीच्या भाषेत बोलत होते.

असो. शेवटी मी हरले. वही मिटली, "काका, लावा कूलर" म्हटलं. रेकॉर्डर चालूच आहे हे दाखवलं, त्यांनी हात उडवला, "राहू दे ना." गार वारा आला, गुंडी सुटली, आणि काका मारबतीच्या मिरवणुकीवर सुटले. कुणाची चप्पल गेली, कोण नालीत पडला, कुणाला शोधायला निघालेला स्वतःच हरवला. काकू आतून दुरुस्त्या करत होत्या. चाळीस मिनिटं!

ती चाळीस मिनिटं सध्या हेडफोन लावून ऐकते आहे. मागे कूलर घरघरतोय, खसेतून पाणी ठिबकतंय, आणि 'म' स्पष्ट येतो. पुढे 'ला' आहे की 'ले', तेवढंच नेमकं वाऱ्यात जातं. तेच वाक्य अकराव्यांदा मागे घेतलं, तर स्वयंपाकघरातून आईची हाक, जेवायला.

"थांब ना वं आई!" मी ओरडले. "मले काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं!"

रेकॉर्डर अर्थातच बंद होता.