गोळ्या संपल्या, गजर संपेना

आमच्या मंगळवार पेठेत दुपारी तीन वाजता आत्याचा मोबाइल बोंबलतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चार वेळा थेंब घालायचे होते, म्हणून नातवानं चार गजर लावून दिले आणि तो पुण्याला निघून गेला. थेंब बेंदराच्या आसपास संपले. गजर दसऱ्याला चौकातली मंडळी सोनं लुटायला निघाली तरी वाजतच होते. घड्याळातल्या गजराला 'रोज' कळतं, 'कुठवर' कळत नाही. सोमवार ते रविवार सगळे वार निवडायची सोय आहे, पण संपायची तारीख घालायला जागाच नाही. आत्या आता न बघताच बोट फिरवून तो गप्प करते. खरी पंचाईत पुढं झाली. बीपीच्या गोळीचा गजरही त्याच सुरात वाजतो, आणि ती गोळी काही संपणारी नव्हे. पण बोटाला फरक कळतोय होय? एकाच फटक्यात दोन्ही गप्प.

म्हणून आबांची दाढ काढल्यावर घरात ठरलं, की गजर नको, कॅलेंडर वापरायचं. तिथं रोजची आठवण लावताना 'संपतं कधी' असं विचारतात आणि तीन वाटा देतात: कधीच नाही, अमुक तारखेला, किंवा इतक्या वेळांनंतर. या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवरनं आमच्यात जी जुंपली, ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही जुंपत नाही.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं, सकाळ-रात्र जेवणानंतर, पाच दिवस. पाकिटात बरोब्बर दहा गोळ्या. मेडिकलवाल्यानं पाकिटावर पेनानं १-०-१ लिहून दिलं. पहिली गोळी शुक्रवारी रात्री पोटात गेली. मेव्हणे बँकेतले, हिशेबाचे पक्के. त्यांनी बोटांवर मोजलं, "शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ. पाच दिवस. मंगळवार घाला."

घातला असता तर मंगळवारी रात्री मोबाइल गप्प झाला असता आणि पाकिटात एक गोळी तशीच राहिली असती. कारण शुक्रवारची सकाळ आपल्याला मिळालीच नव्हती. शुक्रवारची एक, पुढच्या चार दिवसांच्या आठ, झाल्या नऊ. दहावी बुधवारी सकाळची. म्हणून तारीख नको, वेळा मोजायच्या. रात्रीची आठवण वेगळी, शुक्रवारपासून, ५ वेळांनंतर संपणारी. सकाळची वेगळी, शनिवारपासून, तीही ५ वेळा. पहिली आपसूक मंगळवारी थांबते, दुसरी बुधवारी. मेव्हण्यांनी चहा संपेपर्यंत तीन वेळा हिशेब केला आणि मग "व्हय, मी तेच सांगत होतो" म्हणाले. बँकेतल्या माणसाला हरवणं अवघड.

इतकं करूनही घोळ झालाच. रविवारी सकाळी मंडळी जोतिबाला. डोंगरावर गुलालात मोबाइल वाजला, गोळ्या घरी कपाटात. आबांनी शांतपणे 'ठीक आहे' दाबलं, जणू पोस्टमननं पत्र दिलं आणि सही केली. घरी येईस्तोवर रात्रीच्या गोळीची वेळ झाली, मग एकच घेतली. दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हे त्यांना माहीत होतं, हे नशीब.

बुधवारी सकाळची शेवटची आठवण वाजली आणि मोबाइलच्या मते कोर्स पुरा झाला. पाकिटात मात्र एक गोळी चमकत होती. आबा म्हणाले, "यंत्र न्हाई म्हणालंय, मग राहूदे की ती. पुढच्या दाढंला हुईल."

हीच ती जागा जिथं ही सोय आंधळी आहे. ती वाजणं मोजते, गिळणं मोजत नाही. पाच वेळा वाजली की तिचं काम संपलं. गोळी पोटात गेली, खिशात राहिली की डोंगरावर विसरली, याची तिला दाद ना फिर्याद. आणि राहिलेली गोळी पुढच्या दुखण्याला ठेवायची नसते. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं, रात्री जेवून घ्या आणि विषय संपवा.

तेव्हापासून आमच्याकडं कुठलाही कोर्स असला, की शेवटच्या दिवशी संध्याकाळी एक जादा, एकदाच वाजणारी आठवण लावतो: 'पाकीट बघा.' रिकामं असेल तर बरं, नसेल तर फोन. डोळ्याच्या थेंबांना हा उपाय चालत नाही, कारण कोर्स संपला तरी बाटलीत थेंब उरतातच. तिथं शेवटची तारीख बाटलीवर पेनानं लिहून ठेवायची.

गुरुवारी रात्री जेवायच्या वेळी घर अगदी शांत होतं. आबा ताटावर बसून मोबाइलकडं बघत होते.

"वाजंना की गा आज."

"संपलं आबा, आता वाजायचं नाही."

"म्हंजे कोर्स खरोखरच संपला?"

"संपला."

"मग ही मऊ खिचडी कुणासाठी? तांबडा रस्सा आण."