सेक्रेटरी काकांची नोटीस आणि माझं एकच म्हणणं

काल दूध आणायला खाली उतरलो तर मीटरबोर्डाशेजारी सेक्रेटरी काकांची नवी नोटीस. म्हटलं, पाण्याचीच असणार. सोलापुरात तीन-चार दिवसांआड पाणी, त्यामुळे आमच्या फळ्यावर दुसरं काही लागतच नाही. पण ही स्पर्धेची होती. सोसायटीसाठी एक कल्पना सुचवा, एका पानात, खर्च पाच हजारांच्या आत. कागद काकांकडे द्यायचा, ते नाव काढून नंबर घालणार. परीक्षक तीन. ते मार्क देणार नाहीत, प्रत्येक जण आपल्या आवडीचे फक्त पहिले तीन नंबर सांगेल. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. बेरीज जास्त त्याचं बक्षीस.

मार्क नाहीत हे वाचून बरेच जण हसले. मी नाही हसलो, कारण गेल्या गणपतीतली रांगोळी स्पर्धा माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. आमच्या हिची रांगोळी. दोन परीक्षकांनी ८-८ दिले आणि पहिली ठरवली. तिसरे गृहस्थ हात आखडते. त्यांनी हिला ४ दिले, शेजारच्या वहिनींना ९ आणि बाकी सगळ्यांना ३. वहिनींना पहिल्या दोघांकडून ७-७ होते. म्हणजे वहिनी २३, ही २०. तिघांपैकी दोघांची पहिली पसंती हरली, कारण एकट्याच्या ४ आणि ९ मधलं अंतर बाकी दोघांना मिळूनही भरून काढता आलं नाही. घरात आठवडाभर विषय तोच, आणि मला मधल्यामधे शेंगाचटणी-भाकरी.

आता तीच रांगोळी काकांच्या नियमात घालून बघा. ही ३, ३ आणि तिसऱ्यांच्या यादीत दुसरी म्हणून २, एकूण ८. वहिनी २, २, ३ म्हणजे ७. कुणी कितीही सढळ असो की चिक्कू, प्रत्येकाच्या हातात गुण तेवढेच.

पण एक भोक राहिलंय. तिसऱ्यांनी हिला पहिल्या तिनात घेतलंच नसतं तर? ही ६, वहिनी ७. पुन्हा तेच! म्हणून मी काकांना एक ओळ वाढवायला सांगितली: तिघांपैकी दोघांचा पहिला नंबर एकच असेल तर बेरीज करायचीच नाही, तोच विजेता. तसं नसेल तरच गुण मोजा, आणि बरोबरी झाली तर कमी खर्चाची कल्पना पुढे.

नाव काढण्याचा मात्र फारसा उपयोग नाही हो. "बी विंगची टाकी भरली की घंटा वाजावी" असं कुणी लिहिलं तर ते कुणाच्या घरून आलंय हे वॉचमनही सांगेल. रात्री दोनला ओव्हरफ्लोचं पाणी कुणाच्या बाल्कनीत पडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे परीक्षक तरी बाहेरचे, पलीकडच्या सोसायटीतले घ्या, असंही सुचवलं.

काका म्हणाले, "बघू की, एवढं सगळं एका नोटिशीत बसंल का?" संध्याकाळी जाऊन पाहिलं तर दोघांच्या पहिल्या नंबराची ओळ खाली पेनानं वाढवलेली होती. बाहेरच्या परीक्षकांचं काही नाही.